अर्धवर्तुळ म्हणजे सॉकेटच असं नाही

प्रतिक्रिया: "दादा, तुमच्या लेखात 'भिंतीला चिकटलेलं अर्धवर्तुळ म्हणजे सॉकेट' असं ठणकावून लिहिलंय. खारघरच्या आमच्या घराच्या प्लॅनवर बेडरूमच्या भिंतीला अशी दोन अर्धवर्तुळं होती. त्या भरवशावर सुताराकडून पलंगाच्या दोन्ही बाजूंना चार्जिंगची सोय धरून टेबलं करून घेतली. ताबा घेतला तर तिथे डोक्याच्या वर नुसती वायरची टोकं लोंबतायत. शिवाय पलंगाजवळचं दिव्याचं बटण कधी चालतं, कधी नाही. बिल्डरचा माणूस म्हणतो, सगळं प्लॅनप्रमाणे दिलंय. लोकांना अर्धवट शिकवू नका. प्लॅनचे फोटो मेल केलेत."

ताई, वाक्य माझं आणि चूकही माझी. ते वाक्य आजच बदललं. फोटो काल रात्री मोठे करून नीट पाहिले, आणि तुमचं कोडं त्यातच सुटतंय.

तुम्ही दोन फोटो पाठवलेत. एक बुकिंगच्या वेळी मोबाइलवर आलेला, दुसरा ताब्याच्या फाइलमधल्या मोठ्या कागदाचा. पहिल्यात कागदाची उजवी पट्टी कापली गेली आहे, आणि खुणांचा तक्ता, म्हणजे लेजंड, नेमका त्या पट्टीत होता. मोठ्या कागदावर तो आहे. त्यात रिकामं अर्धवर्तुळ म्हणजे ६ अँपिअरचा सॉकेट, भरीव म्हणजे १६ अँपिअरचा, आणि आत बारीक फुली असलेलं अर्धवर्तुळ म्हणजे वॉल लाइट. तुमच्या मोबाइलवर ती फुली मिटून नुसता काळा डाग उरला होता. रिकामं आणि भरीव हा भेद आपल्याकडच्या बहुतेक प्लॅनवर असाच असतो, पण फुलीवालं अर्धवर्तुळ हे त्या आर्किटेक्टच्या कचेरीचं स्वतःचं. दुसरी कचेरी वॉल लाइटला वेगळी खूण काढेल. म्हणून लेजंड नसलेला प्लॅन हाती आला तर तो परत पाठवून पूर्ण कागद मागायचा.

तरी समजा, लेजंड मिळालाच नाही. तेव्हाही शंका यायला जागा होती. तो डाग भरीव अर्धवर्तुळ धरला तर पलंगाच्या दोन्ही अंगांना १६ अँपिअरचे सॉकेट होतात. ते लागतात गिझरला, फ्रिजला, वॉशिंग मशीनला. उशाशी कोण कशाला देईल?

त्याहून पक्की खूण म्हणजे ठिपक्यांची वाकडी रेघ. मोठ्या कागदावर बोट ठेवून बघा. डावीकडच्या अर्धवर्तुळातून निघालेली रेघ उजवीकडच्याला शिवते आणि तिथून थेट दाराजवळच्या चौकटीत, एसबी ३ म्हणजे तिसऱ्या स्विचबोर्डात, जाते. ही रेघ म्हणजे भिंतीतली वायर नव्हे, तर कुठलं बटण कुठला पॉइंट चालवतं एवढंच ती सांगते. दिव्याचं बटण दिव्यापासून लांब असतं, म्हणून त्याला रेघ लागते. आपल्याकडे सॉकेटचं बटण त्याच प्लेटवर शेजारी असतं, त्यामुळे सॉकेटला बहुधा रेघच नसते. भिंतीवरच्या खुणेतून रेघ निघून दाराकडे गेली, की दिव्याचा संशय घ्यायचा. अपवाद गिझरचा. त्याचा पॉइंट बाथरूममध्ये आणि बटण बाहेर असलं, तर सॉकेट असूनही रेघ दिसते. मी शिकाऊ होतो तेव्हा ठाण्यात एका घरी गिझरच्या पॉइंटला दिवा समजून बल्बचा होल्डर लावून ठेवला होता. मिस्त्रींनी दिवसभर वाभाडे काढले.

तिसरी खात्री उंचीची. त्या खुणांशेजारी बारीक अक्षरात २००० लिहिलंय. हे तयार फरशीपासूनचे मिलिमीटर, म्हणजे जवळपास साडेसहा फूट. खालच्या सॉकेटला बहुधा ३००, म्हणजे फूटभर, लिहितात. प्लॅन वरून बघितलेला असतो, त्यामुळे खूण कुठल्या भिंतीवर आहे ते कळतं, किती उंचावर ते नाही. त्यासाठी हा आकडा किंवा कडेची टीपच वाचावी लागते.

तेव्हा वॉल लाइटबाबत बिल्डरचा माणूस खरं बोलतोय. बटणाबाबत मात्र नाही, आणि तिथे प्लॅन तुमच्या बाजूने आहे. छताच्या मधल्या दिव्यातून दोन रेघा निघतात: एक दाराजवळच्या एसबी ३ ला, दुसरी पलंगाजवळच्या छोट्या एसबी ४ ला. दोन्हीकडे बटणाची खूण म्हणजे छोटा गोल आणि त्याच्या दोन बाजूंना दोन शेपट्या. साध्या बटणाला शेपटी एकच असते. दोन शेपट्या म्हणजे टू-वे स्विच, जिन्यात असतो तसा. खालून लावा, वरून घालवा.

आता घरी एवढं करा. दाराजवळचं बटण एका बाजूला ठेवून पलंगाजवळचं खाली-वर करा. मग दाराजवळचं पालटा आणि पलंगाजवळचं पुन्हा खाली-वर करा. अशा चार स्थिती होतात. जोडणी बरोबर असेल तर दिवा चारपैकी दोन स्थितींत लागतो, आणि कुठलंही बटण हलवलं की दिव्याची स्थिती पालटतेच. तुमच्याकडे तो बहुधा चारपैकी एकाच स्थितीत लागेल. "कधी चालतं, कधी नाही" याचा अर्थ हाच: दाराजवळचं बटण एका ठरावीक बाजूला असेल तेव्हाच पलंगाजवळच्याला दाद मिळते.

याची कारणं बहुधा दोन असतात. एक तर एसबी ३ किंवा एसबी ४ मध्ये टू-वेऐवजी साधा स्विच बसवलाय. नाहीतर दोन्हीकडे टू-वे आहे, पण एकाच्या तीन स्क्रूंपैकी कॉमनवरची, म्हणजे बटण कुठल्याही बाजूला असलं तरी जोडलेल्या राहणाऱ्या स्क्रूवरची, वायर शेजारच्या स्क्रूवर गेली आहे. दोन्ही वेळा ती बटणं एकामागोमाग जोडलेल्या साध्या बटणांसारखी वागतात. इलेक्ट्रिशियन टेस्टर लावून "करंट येतोय, वायरिंग बरोबर आहे" म्हणाला असेल, पण टेस्टरने ही चूक उमगत नाही. मेन बंद करून दोन्हीकडच्या प्लेट उघडायला लावा आणि त्या स्विचच्या मागचे स्क्रू मोजा. दोन असतील तर स्विच बदलायचा, तीन असतील तर स्विचच्या पाठीवरची कॉमनची खूण बघून वायर हलवायची. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे.

बिल्डरला लेखी कळवा, सोबत प्लॅनच्या त्या कोपऱ्याचा फोटो आणि चार स्थितींचा छोटा व्हिडिओ जोडा. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांत कामातला दोष कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. या पत्रात वॉल लाइटचा विषय घालू नका, नाहीतर तो तेवढ्यालाच उत्तर देऊन मोकळा होईल.

राहिली टेबलं. लोंबणाऱ्या त्या वायरीतून सॉकेट काढायचा मोह होईल, पण तो करू नका. ती वायर दाराजवळच्या बटणावर आहे, दिवा बंद केलात की चार्जिंगही बंद. प्लॅनच्या कडेच्या तक्त्यात एसबी ४ समोर टू-वे स्विचबरोबर ६ अँपिअरचा एक सॉकेटही लिहिलाय. तो जागेवर असेल तर एका टेबलाचं काम झालंच. तिथूनच पलंगाच्या पाठफळीमागून केसिंग पट्टी नेऊन दुसऱ्या टेबलाजवळ सॉकेट काढता येईल, अर्थिंगच्या वायरसकट. फोन आणि वाचायचा दिवा एवढ्याला तो पुरे, इस्त्री मात्र तिथे लावू नका. भिंत फोडावी लागणार नाही, आणि सुताराला परत बोलवायचं ते फक्त टेबलाच्या मागच्या फळीला भोक पाडायला.