रुमाल टाका, हजेरी लावा

परभणीच्या स्टँडात गाडी नीट उभी राहायच्या आत खिडकीतून रुमाल टाकणारा गडी तुम्ही पाहिला असेल. गाडी जिंतूरला जाणार की गंगाखेडला, हे तो नंतर विचारतो. आधी जागा धरतो. ज्याला हा रुमाल टाकता येतो, त्याला व्हिडिओखाली 'फर्स्ट' लिहिणं शिकवायची खरं तर गरज नाही. तरी काही मंडळी अजून आधी व्हिडिओ बघतात, मग विचार करतात आणि मग लिहितात. अशा मागास बांधवांसाठी चार शब्द.

सुरुवात घंटीपासून करा. चॅनल सबस्क्राइब केलं म्हणजे झालं, असं समजणारे तिथंच मार खातात. घंटीला 'सर्व' असा एक पर्याय असतो, तो स्वतः निवडावा लागतो. नाही निवडला तर कोणत्या व्हिडिओची हाक तुम्हाला द्यायची हे यूट्यूब ठरवणार. म्हणजे पंगतीचं आवतण शेजाऱ्याच्या मर्जीवर. घंटी लावली की रेंजचं बघा. आमच्या गावात ती पाण्याच्या टाकीच्या तिसऱ्या पायरीवर येते. तिथं संध्याकाळी सहापासून बसलेली पोरं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतात असा गावाचा समज आहे, तो मोडू नका.

हाक आली की व्हिडिओ उघडा, पण बघू नका. नवा व्हिडिओ पहिली काही मिनिटं तसाही धूसर दिसतो, कारण चांगल्या दर्जाची प्रत मागून तयार होते. महाराजांचा फेटा कुठला आणि मागचा पडदा कुठला, हे कळायच्या आत तुमचं काम झालेलं असावं. कीर्तन चाळीस मिनिटांचं आणि तुमची कमेंट आठव्या सेकंदाची, ही खरी भक्ती. शब्द एकच लिहा. 'माऊली, आपल्या चरणी पहिलं वंदन' लिहीपर्यंत हिंगोलीच्या चौघांनी 'फस्ट' टाकून चहा मागवलेला असतो. शुद्धलेखन नंतर सुधारता येतं. त्यापुढं 'एडिट केलेलं' अशी खूण उमटते, पण असू द्या.

आता आनंदाची गोष्ट. कमेंट टाकल्या टाकल्या ती तुमच्या फोनवर सगळ्यांच्या वर दिसते. प्रत्येकाच्या फोनवर प्रत्येकाची. म्हणजे एकाच मिनिटात जिंतूरचा पहिला, मानवतचा पहिला आणि पाथरीचाही पहिला. तिघं तिघांच्या घरी मोबाइल आईला दाखवतात आणि तिन्ही आया म्हणतात, 'बरं झालं माय, आता जेवायला ये.' एवढ्या स्वस्तात एवढे पहिले नंबर कोणत्याही क्लासला काढता आलेले नाहीत, लातूरलासुद्धा.

निकाल तपासायच्या भानगडीत मात्र पडू नका. कमेंटी टॉप लावा, नाहीतर नवीन आधी लावा. 'जुनी आधी' अशी सोय यूट्यूबनं ठेवलेलीच नाही. खरा पहिला कोण हे बघायचं तर 'नवीन' लावून अंगठ्यानं पार तळापर्यंत जावं लागतं. आमच्या धाकट्या काकांच्या पोरानं हा उद्योग एकदा केला. रात्री साडेदहाला बसला, तळ लागला तेव्हा कोंबडं आरवत होतं. त्याचा नंबर एक्केचाळिसावा निघाला. वरच्या चाळिसातले सव्वीस जण 'फर्स्ट' होते. आणि ज्याला खरोखर पहिला मान मिळाला होता, त्यानं लिहिलं होतं, 'आवाज येत नाही.' पोरगं दोन दिवस जेवलं नाही.

(हे खूळ आजकालच्या पोरांनी काढलं, असं म्हणणाऱ्या गुरुजींसाठी: 1997 साली सुरू झालेल्या स्लॅशडॉट नावाच्या अमेरिकी संकेतस्थळावर बातमीखाली 'फर्स्ट पोस्ट' लिहिणाऱ्यांनी यूट्यूबचा जन्म व्हायच्या आधीच लोकांना वात आणला होता. तिथली मंडळी शिकलेली, कॉम्प्युटरवाली होती. तेव्हा शिक्षणानं हे बरं होतं, ही आशा सोडा.)

ज्यांना पळापळ झेपत नाही, त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे. तो जुन्या व्हिडिओखालचा. दौलताबादच्या भिंतीवर बदामात नाव कोरणाऱ्याला जे सुख मिळतं तेच इथं मिळतं, वर पुरातत्त्व खात्याचा माणूस शिट्टी मारत नाही.

समजा बारा वर्षांपूर्वी कुणीतरी गावच्या गोंधळाचं चित्रण टाकून ठेवलंय. संबळ, तुणतुणं, मागं रडणारं लेकरू. एवढी वर्षं ते बघायला गोंधळ्याचे पाव्हणे सोडून कुणी फिरकलं नाही. मग एक दिवस कुणीतरी त्यातला संबळाचा तुकडा उचलून ट्रॅक्टरच्या रीलला लावतो, आणि अख्खा जिल्हा मूळ व्हिडिओ शोधत येतो. आपण तिथं जायचं आणि गोंधळाबद्दल चुकूनही काही बोलायचं नाही. लिहायचं, 'ट्रॅक्टरवाली रील बघून कोण कोण आलंय? लाईक करा.'

या वाक्याची बांधणी बघा. विचारल्यासारखं आहे, पण उत्तर लिहायची कुणाला तोशीस नाही, अंगठा टेकवला की हजेरी लागली. मत नाही, म्हणून भांडण नाही. वाचणारा नुकताच त्याच रीलवरून आलेला असतो, मनात थोडा ओशाळलेला असतो, आणि आपल्यासारखे आणखी नऊशे आहेत हे बघून त्याला धीर येतो. 'ह्या गोंधळ्याचा संबळ आमच्या आजाच्या लग्नात वाजला होता' असं कुणी म्हातारा लिहितो, त्याला दोन लाईक पडतात. त्यातला एक सुनेचा. लाईक आणि उत्तरं मिळालेल्या कमेंटी टॉपला चढतात, तेव्हा आजा खाली आणि ट्रॅक्टर वर. रीलवाल्यांनी गर्दी केली की जिल्हेवाले येतातच: 'बीडकर कुठं मेले?', 'नांदेड हाजीर', आणि जगात जर्मनी, भारतात परभणी हे सांगितल्याशिवाय तर कोणतीच सभा सुरू होत नाही.

वर्षाचा बार मात्र एक जानेवारीलाच उडवावा. '2026 मध्ये कोण ऐकतंय?' हे मार्चमध्ये लिहिणं म्हणजे पोळा झाल्यावर बैलाची शिंगं रंगवणं. एकतीस डिसेंबरच्या रात्री मजकूर कॉपी करून ठेवावा, बारा वाजता दहा जुन्या गाण्यांखाली चिकटवत जावं आणि मगच घरच्यांना शुभेच्छा द्याव्या.

काकांच्या पोराला तेवढीही मेहनत नको होती. 2025 च्या जानेवारीत त्यानं त्या गोंधळाखाली '2025 मध्ये कोण कोण ऐकतंय?' लिहिलं होतं. ट्रॅक्टरची लाट त्याच वर्षी आली आणि त्याला तेराशे लाईक पडले. चॅनलवाल्यानं लाल बदामही दिला. कमेंट बदलली तरी लाईक जागेवर राहतात हे त्याला कुठूनतरी कळलं. यंदा त्यानं नवं काही न लिहिता जुन्यातल्या 5 चा 6 केला. बदाम गेला, कारण मजकूर बदलला की तो निघतो. तेराशे लाईक राहिले. पोरगं खूष. फक्त नावाशेजारचा काळ काही त्याच्या हातात नव्हता. तिथं लिहिलेलं होतं, '1 वर्षापूर्वी'.

दुसऱ्या दिवशी खाली सेलूच्या कुणीतरी विचारलं, 'भावा, 2026 मध्ये कोण ऐकतंय हे तू एक वर्ष आधीच कामून इचारलालास?'

आमच्या पोरानं लगेच उत्तर टाकलं, 'फर्स्ट.'