अभिनंदन त्यांचं, अडुसष्ट आमचे

तीन दिवस झाले, तरी माझं डोकं शांत होत नाहीये. नवरा म्हणतो, "एवढं काय झालं? फोनच तर केला." हो, फोनच केला. मित्राच्या मुलीला दहावीला ९७.४० पडले म्हणून अभिनंदनाचा फोन केला. स्पीकरवर. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून.

कॉल सहा मिनिटं बारा सेकंदांचा आहे, मी नंतर फोनमध्ये बघितलं. त्यातलं अभिनंदन चार सेकंदांचं. "अरे वा वा वा! सत्त्याण्णव चाळीस! जबरदस्त!" इथपर्यंत माणूस अगदी सरळ चालला होता. मग तो थांबला. दोन सेकंद. तिकडून काही नाही, इकडून काही नाही. आणि त्या दोन सेकंदांच्या फटीतून ते बाहेर आलंच: "आमच्याकडे बघ ना, अडुसष्टवर आटोपलं. हा तर ग्राउंडवरच राहायला होता."

हा म्हणजे आमचा मुलगा, जो तेव्हा फ्रिजपाशी उभा होता. पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होता. झाकण लागलं, तरी फिरवतच राहिला.

बरं, अडुसष्टला आम्ही रडत बसलो होतो असंही नाही. एक वाजता निकाल लागतो म्हणून पावणेएकपासून तिघंही मोबाइलवर. साइट अर्थातच गोल गोल फिरत होती. बैठक क्रमांक टाका, आईचं नाव टाका, पुन्हा गोल. (तिथे आईचंच नाव विचारतात. बापाचं नाव बोर्डाला त्या क्षणी नको असतं, आणि बोलायला मात्र पहिला नंबर बापाचा.) एक पंचवीसला उघडलं. पाचशेपैकी ३४१. गणितात ५२. सहामाहीला याच पोराला गणिताच्या ऐंशीपैकी १९ होते, मी महिनाभर नीट झोपले नव्हते. त्या बावन्नवर आम्ही तिघांनी उड्या मारल्या. नवऱ्यानंसुद्धा! आदल्या रात्री चक्का टांगला होता, किती का पडेनात, श्रीखंड होणारच होतं. वाटीत वाढणार तेवढ्यात याला मित्राचा मेसेज आला आणि याने फोन लावला.

मग पुढची चार मिनिटं काय झालं माहीत आहे? तो बिचारा मित्र याची समजूत काढत बसला. "अरे अडुसष्ट काय वाईट आहेत का, फर्स्ट क्लास आहे." "मुलांचं उशिरा फुलतं रे." "आपल्याला तरी कुठे पडले होते?" ज्याच्या घरी पेढ्यांची ऑर्डर द्यायची घाई, तो निकालाच्या दिवशी दुसऱ्याच्या पोराचं सांत्वन करतोय. मागे त्याची मुलगी "बाबा, आजीचा फोन येतोय" म्हणत होती, ते मला स्पष्ट ऐकू आलं. तिचा दिवस आम्ही खाल्ला. आणि पोट भरलं नाही म्हणून शेवटी याने विचारलं, "बेस्ट ऑफ फाइव्हचेच ना? की चित्रकलेचे वाढीव धरून?"

अरे, तू बोर्डाचा मॉडरेटर आहेस का? सहा विषयांतले चांगले पाचच धरतात, सगळ्यांचेच धरतात, तुझ्या मुलाचेही तसेच धरलेत. त्या पोरीने इंटरमिजिएटला बसून रविवार घालवले असतील तर तिला मिळू देत की चार गुण. अडुसष्टवाल्या बापाने सत्त्याण्णवचा हिशेब तपासायला बसणं ही सुद्धा तुलनाच असते, फक्त चष्मा लावलेली.

याच्या घराण्यातच आहे हे. माझी नणंद आमचा पोरगा दुसरीत असल्यापासून "अजून पाढे म्हणताना बोटं मोजतो का गं?" असं लाडानं विचारायची. सासूबाईंचं ठरलेलं वाक्य, "आमच्याकडे गणित रक्तात आहे, आता हे कुठून आलं कोण जाणे," आणि मग माझ्या माहेरच्या दिशेनं एक कटाक्ष. सोसायटीच्या ग्रुपवर निकालाच्या दिवशी दोनच प्रकारचे लोक बोलतात, टक्के टाकणारे आणि टाळ्या टाकणारे. बाकीचे अचानक ऑफलाइन. चौकात क्लासवाल्यांचा फ्लेक्स लागतो, त्यावर पोरांचे पासपोर्ट फोटो, निकालाआधीचेच, सगळ्यांचे चेहरे पोलिसांनी पकडल्यासारखे. आणि ज्यांना पोराचं नावही धड आठवत नाही ते लिफ्टमध्ये विचारतात, "किती?" नुसतं "किती?" रताळ्याचा भाव विचारावा तसं. त्यावर उत्तर दिलं की पुढचा प्रश्न, "मग सायन्स नाही मिळणार ना?"

तर असं मी नवऱ्याला रात्री अकरापर्यंत सुनावलं. मी म्हटलं, अभिनंदन करायला काय लागतं? दुसऱ्याच्या पोराबद्दल बोलायचं, आपल्याच्याबद्दल नाही. साधं आहे.

दुसऱ्या दिवशी माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीचा मुलगा निघाला ९५.६० वाला.

मी तयारीनिशी फोन केला. "आमचा" हा शब्द तोंडातून काढायचा नाही असं ठरवलं होतं, आणि शपथेवर सांगते, नाहीच काढला. मी म्हटलं, "कसं जमवलंस गं? नोकरी सांभाळून? नशीबवान आहेस हो." वाटलं, काय गोड बोलले मी! मग म्हटलं, "शांत मुलं असली की बरं असतं." मग विचारलं, क्लास कुठला, किती वाजता उठायचा, मोबाइल द्यायचीस का. तीही सांगत गेली. फोन ठेवला, तर माझ्या हातात पेन होतं आणि गॅसच्या पावतीच्या मागे माझ्याच अक्षरात लिहिलेलं: "सकाळी ५. मोबाइल बंद. दोन क्लास. बदाम."

बदाम! परीक्षा संपून निकाल लागलेला आहे. हे मी कुणासाठी टिपून घेत होते?

नवरा समोर सोफ्यावर. एक शब्द बोलला नाही. फक्त ती पावती उचलली, वाचली आणि फ्रिजवर मॅग्नेटने लावली. अजून तिथेच आहे. म्हणून मी आता हे जरा कमी आवाजात लिहितेय.

कारण "आमचा" न म्हणताही तो आला होताच. "नशीबवान" म्हणजे मी कमनशिबी. "शांत मुलं" म्हणजे माझं अशांत. "कसं जमवलंस" म्हणजे मला जमलं नाही. आणि त्या मुलाने वर्षभर जे केलं, त्याचं श्रेय मी पहिल्याच वाक्यात त्याच्या आईला देऊन टाकलं, म्हणजे लढत आई विरुद्ध आई. मुलगा कुठेच नाही. तिने फोन त्याच्याकडे द्यावा असं मला सुचलंसुद्धा नाही.

आपल्याकडे नुसतं कौतुक करणं उद्धटपणा वाटतो की काय देव जाणे. दुसऱ्याचं वर करताना आपलं थोडं खाली केल्याशिवाय तराजू बरोबर आहे असं वाटतच नाही. आपण ते विनय म्हणून करतो आणि समोरच्याला सांत्वनाच्या कामाला लावतो. खाली जातं ते पोरगं, त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

रविवारी त्या सत्त्याण्णव चाळीसवाल्यांकडे पेढे खायला बोलावलं होतं. मुलाला चल म्हटलं, तो म्हणाला मॅच आहे, आणि मी पहिल्यांदाच मॅचवरून काही बोलले नाही. स्कूटरवर मागे बसून मी नवऱ्याच्या हेल्मेटमध्ये ओरडत होते. आकडा एकदाच घ्यायचा. मग बापाशी नाही, मुलीशी बोलायचं. तिला असं काहीतरी विचार ज्याचं उत्तर आकड्यात येत नाही. पुढे काय घेणार, विचारू नकोस, आज सतरा जणांनी विचारलं असेल. ती गप्प झाली की तूही गप्प बस, ती फट आपल्या घरच्या मालाने भरू नकोस. आणि आपल्याबद्दल विचारलंच तर एक वाक्य. खरं वाक्य. "पण" नाही, "मात्र" नाही.

"आणि पेढा खाऊ का?" तो म्हणाला.

गंमत म्हणजे त्याला जमलं. आत गेल्यावर त्याने तिला विचारलं, "कुठला पेपर सोडवताना मजा आली?" पोरगी क्षणभर बघतच राहिली. मग म्हणाली, "भूमिती, काका. एक सिद्धता मला वेगळ्याच रेषेनं सुटली, वर्गात शिकवली त्याहून वेगळी. सगळ्यात भीती तिचीच होती, मार्क देतील की नाही." आणि ती कागद घेऊन आली आणि काढून दाखवायला लागली, त्रिकोणाच्या बाहेर एक तुटक रेषा ओढून. नवऱ्याला ओ की ठो कळत नव्हतं, तरी तो वाकून बघत होता. तिची आई दारातून बघत होती, हातात पाण्याचा ट्रे तसाच.

मग तिच्या बाबांनी विचारलंच, "चिरंजीव आले नाहीत?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. "मॅच आहे त्याची. अडुसष्ट पडले, गणितात बावन्न, आम्ही जाम खूश आहोत." वा! मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात याने श्वास घेतला आणि म्हणाला, "पण..."

मी टेबलाखालून चिमटा काढला. "पण पेढे कुठले आणलेत?" असं त्याने ते वाक्य कसंबसं वळवलं.

घरी आलो तर मुलगा मॅच हरून आलेला, फोनवर. त्या पोरीला त्याने निकालाच्या दिवशीच मेसेज टाकला होता, एक वाजून चाळीस मिनिटांनी, म्हणजे याचा तो फोन लागायच्याही आधी: "संस्कृतला १०० कसले पाडलेस बे, भारी." बस. एवढंच. तिचं उत्तर: "तू गणितात सुटलास!!! पार्टी." दोघांचं संपलं होतं.

पुढच्या महिन्यात नणंदेच्या मुलीचा सीईटीचा निकाल आहे. नवरा फोन करणार नाही, मी तर नाहीच नाही. पोरगा करेल.