भाऊसाहेबांची चौकशी

आवडत्या माणसाने मांजराच्या पिल्लाचा फोटो पाठवला की बोटं आपोआप 'सो क्यूट' लिहायला धावतात. त्यांना आवरायचं, कारण त्याच्या मावश्या, शाळेतल्या मैत्रिणी आणि ऑफिसातल्या निम्म्या लोकांनी तेच आधीच लिहून झालेलं असतं. 'सो क्यूट'ला माणूस एक बदाम पाठवतो आणि संभाषण तिथेच संपतं. त्या बदामाकडे रात्रभर बघत बसलं तरी त्यातून पुढचं वाक्य फुटत नाही.

आमच्या ऑफिसातल्या एका गृहस्थाला (त्याचं नाव मी लिहिणार नाही, तो हे वाचेल) गाडीच्या बॉनेटमध्ये अडकलेलं एक पिल्लू सापडलं. त्याने ते घरी नेलं आणि त्याच्या चालण्यातला रुबाब बघून नाव ठेवलं भाऊसाहेब. त्याच्याशी बोलायला मी बरेच दिवस निमित्त शोधत होते. निमित्त मिळालं, पण त्याला चार पाय आणि भयंकर मान होता. पहिल्या दिवसापासून आम्ही दोघंही मांजराला अहो-जाहो करतो आणि एकमेकांना अरे-तुरे. सभ्यतेचा सगळा साठा भाऊसाहेबांवरच खर्च होतो.

माझी मैत्रीण अशा बाबतीत स्वतःला तज्ज्ञ समजते. तिने सुचवलेला मेसेज असा होता: 'नशीबवान आहे रे मांजर, तुझ्या मांडीवर झोपतं!' मी स्वच्छ नकार दिला. एक तर समोरच्याला त्यावर हसण्याशिवाय दुसरं काही करताच येत नाही. आणि त्या वाक्यात मांजर नसतंच, मांजराच्या जागी आपण चढून बसलेलो असतो. ज्या माणसाने ग्रीस लागलेलं पिल्लू शर्टाच्या बाहीने पुसलंय, त्याला हे लगेच कळतं. तिचा दुसरा पर्याय याहून वाईट होता: मांजराच्या वतीने बोबडं बोलायचं. 'मला तुज्या मैत्लिनीला भेतायचंय.' मी फोनच काढून घेतला.

मग मी त्याचे फोटो नीट बघितले. मांजराचे बघितले, असं म्हणणं जास्त बरं. प्रत्येक फोटोत भाऊसाहेब राउटरवर बसलेले. मी लिहिलं, 'भाऊसाहेबांनी नेटवर्कची जबाबदारी घेतली आहे का? आज मीटिंगमध्ये तुझा आवाज तुटत होता, त्यांच्या कानावर घाल.' यावर बदाम आला नाही, चांगला परिच्छेद आला. राउटर गरम असतो, पिल्लांना ऊब लागते, त्याने बाजूला गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवली तरी ते तिकडे ढुंकून बघत नाहीत, आणि आवाज तुटत होता तेव्हा भाऊसाहेबांची शेपूट खरोखरच वायरीत होती. त्याने विचारलं, 'तुला कसं कळलं ते रोज तिथेच बसतात?' आता याचं खरं उत्तर 'मी सगळे फोटो मोठे करून बघितले' हे होतं. मी 'निरीक्षण' एवढंच लिहिलं.

पण पिल्लू त्याच्याजवळ यायचं नाही. राउटरवरून नुसतं टक लावून बघायचं. इथे माझ्या वाचनाचा उपयोग झाला. मांजराकडे रोखून बघितलं तर त्याला ती धमकी वाटते. त्याऐवजी डोळे अर्धवट मिटायचे, क्षणभर तसेच ठेवायचे आणि सावकाश उघडायचे. 2020 साली इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी हे तपासून बघितलं. असे डोळे मिचकावणाऱ्या माणसाला मांजरं तशाच मिचकावणीने उत्तर देतात, आणि अनोळखी माणसाने असं करून हात पुढे केला तर त्याच्याकडे जास्त येतात. मी हे सगळं त्याला लिहिलं आणि खाली जोडलं, 'मांजरांत याला विश्वास म्हणतात. ऑफिसात करून बघू नकोस, लोक डोळ्यांच्या डॉक्टरचा नंबर देतील. फारच वाटलं तर माझ्या टेबलासमोर कर, मी कुणाला सांगणार नाही.'

हा मेसेज पाठवायला मला फार वेळ लागला. भाऊसाहेबांचं नाव सतत टाइप करून माझ्या फोनला सवय लागली आहे. मी 'शुभ रात्री' लिहिलं की तो पुढे आपणहून 'भाऊ' सुचवतो. ज्या माणसाला आपण भाऊ सोडून काहीही म्हणायला तयार आहोत, त्याच्याशी बोलताना प्रत्येक वाक्याची शेपटी तपासावी लागते.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलासमोर आला, गंभीर चेहऱ्याने डोळे सावकाश मिटून उघडले आणि प्रिंटरकडे निघून गेला. त्या दिवशी माझ्या हातून काहीही काम झालं नाही.

खरी पंचाईत पुढे आली. एका रविवारी त्याने भाऊसाहेबांना खिडकीत बसवून उन्हात फोटो काढला. तोवर राउटरच्या अंधारात मला पांढरा आणि काळा एवढेच रंग दिसले होते. उन्हात डाव्या कानामागे आणि शेपटीच्या मुळाशी चांगले मोठे केशरी ठिपके निघाले. मी फोटो मोठा केला, परत केला, आणि माझ्या पोटात गोळा आला. भाऊसाहेब बाई होत्या.

हे मी एवढं ठामपणे कसं म्हणते? मांजरात केशरी रंग येणार की काळा, हे ठरवणारा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. बोक्याकडे एक्स एकच, म्हणून तो एक तर केशरी नाही तर काळा. मांजरीकडे दोन एक्स असतात. एकावर केशरीचा हुकूम, दुसऱ्यावर काळ्याचा, आणि ती गर्भात असतानाच प्रत्येक पेशीत दोनांपैकी एक एक्स झोपी जातो. कातडीच्या ज्या भागात काळ्याचा एक्स झोपला तिथे केशरी ठिपका, जिथे केशरीचा झोपला तिथे काळा. पांढरा रंग वेगळ्याच जनुकामुळे येतो, त्याचा या भानगडीशी संबंध नाही. म्हणून तिरंगी मांजर म्हणजे जवळजवळ नेहमीच मादी. तिरंगी बोका साधारण 3000 तिरंगी मांजरांत एखादा सापडतो. त्याच्याकडे बहुतेकदा एक एक्स जास्तीचा आलेला असतो आणि तो बहुधा वांझ असतो.

आता हे त्याला सांगायचं कसं? खात्री करून घ्यायचा घरगुती उपाय सोपा आहे. शेपूट उचलून बघायचं. मादीच्या पिल्लात खालची दोन छिद्रं अगदी जवळजवळ असतात, नरात त्यांच्यात बरंच अंतर असतं. पण आवडत्या माणसाला रविवारी दुपारी पाठवायचा हा मेसेज नव्हे. मी तो लिहून बघितला. 'जरा शेपूट वर करून सांगशील का' हे वाक्य कुठल्याही इमोजीने सुधारत नाही. डोळा मारणारा लावला तर जास्तच बिघडतं.

शिवाय त्याला खोटं पाडायचं नव्हतं. इतक्या लहान पिल्लाच्या बाबतीत भल्याभल्यांची गफलत होते. आणि 'अरे, साधं एवढंही माहीत नाही?' असा सूर वाक्यात चुकून जरी आला, तर माझं सगळं निरीक्षण मास्तरकीत जमा झालं असतं. मग मी पैज लावली. 'भाऊसाहेबांच्या अंगावर तीन रंग आहेत. असे भाऊसाहेब 3000 त एखादे असतात, बाकी सगळ्या ताईसाहेब. लसीच्या वेळी डॉक्टरांना विचार. ताईसाहेब निघाल्या तर कॉफी तुझ्याकडून. भाऊसाहेबच निघाले तर एवढ्या दुर्मीळ माणसाच्या सन्मानार्थ कॉफी माझ्याकडून.'

तो बराच वेळ टाइप करत होता. थांबला, परत टाइप करायला लागला. शेवटी आलं, 'म्हणजे काहीही निघालं तरी कॉफी आहेच?'

मी लिहिलं, 'हिशेबात तू हुशार आहेस.'

त्याच आठवड्यात रात्री उशिरा त्याचा मेसेज आला: भाऊसाहेबांचं पोट बिघडलंय, संध्याकाळपासून जुलाब होतायत. माझ्या हातात त्या वेळी एक फार छान वाक्य तयार होतं, मी ते पुसलं. आजारी जनावराच्या मालकाला त्या घटकेला गमतीदार माणूस नको असतो. मी सरळ विचारलं, दूध देतोस का? हो म्हणाला, वाटीभर, प्रेमाने. गाईच्या दुधातली साखर बऱ्याच मांजरांना पचत नाही, पिल्लांची तर पार वाताहत होते. दूध बंद कर, पाणी समोर ठेव, अंगाला ऊब दे, असं लिहिलं. हिरड्यांना बोट लावून बघ, ओलसर आहेत की कोरड्या चिकट? पिल्लू उठून चालतंय का? ओलसर होत्या, चालतही होतं. तरी सकाळी उघडल्या उघडल्या डॉक्टरांकडे ने, लहान पिल्लाच्या अंगातलं पाणी फार लवकर आटतं आणि जुलाबामागे जंतही असू शकतात. कोरड्या पडल्या किंवा नुसतं पडून राहिलं तर सकाळचीही वाट बघू नकोस. एकही इमोजी नाही. आमच्या सगळ्या मेसेजेसमध्ये हे सर्वांत रुक्ष, आणि त्यांच्यानंतर तो पहिल्यांदा म्हणाला, 'तू जागी आहेस ते बरं झालं.'

डॉक्टरांनी दूध आणि जंत दोघांनाही दोषी ठरवलं. औषध दिलं, वजन केलं, आणि जाता जाता केस पेपरवर लिंग या रकान्यात 'स्त्री' लिहिलं. त्याने त्या रकान्याचा फोटो मला पाठवला. खाली काहीच लिहिलं नव्हतं.

आता नाव बदलायचं का, यावर चर्चा झाली. मी ताईसाहेब सुचवलं. त्याने हाक मारून बघितली, तर राउटरवरून मान वळली नाही. भाऊसाहेब म्हटल्यावर लगेच वळली. म्हणून भाऊसाहेब कायम आहेत, फक्त क्रियापद बदललं: भाऊसाहेब आल्या, भाऊसाहेब जेवल्या.

पैज हरल्यामुळे कॉफी त्याच्याकडे लागली, आणि भाऊसाहेबांना अजून एकटं सोडता येत नाही म्हणून ती त्याच्या घरी ठरली. मैत्रीण म्हणाली, फुलं घेऊन जा. दुकानात तिने नेमका लिलींचा गुच्छ उचलला, तो मी परत ठेवायला लावला. लिली चघळली, किंवा अंगावर पडलेला तिचा पराग चाटला, तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात. पहिल्याच भेटीत यजमानीणबाईंना मारणं बरं दिसत नाही. मी गुलाब घेतले आणि त्याला कळवलं, 'फुलं आणतेय. भाऊसाहेबांना चालतील अशी. तुला चालतील का ते विचारलेलं नाही.'

उत्तर आलं: 'भाऊशाहेब म्हनतायत, लवकल ये. त्यांच्या मालकाला कलमत नाहीये.'

मांजराच्या तोंडून बोबडं बोलणाऱ्या माणसांविषयी माझं मत मी वर लिहिलेलं आहेच. मी मैत्रिणीला दुकानातच सोडलं आणि रिक्षा केली.