मेट्रोचे पत्रे आणि नंदूचं भाडं

मुंबईत कांदिवलीला, डहाणूकरवाडीच्या नाक्यावरचा आमचा कट्टा म्हणजे बंद दुकानाची पायरी. लिंक रोडवर मेट्रोच्या कामाचे आडोशाचे पत्रे लागले तेव्हा गिऱ्हाईक तुटलं, आणि दुकानदार गाळा सोडून गेला. त्याच पायरीवर बसून रविवारी नंदू म्हणाला, "भाडेकरूचं लीव्ह-लायसन्स संपतंय. 30,000 आहे, आता बत्तीस मागणार. मेट्रो दारात आहे, उगाच कशाला सोडायचं?"

सुधीर चहा पिता पिता हसला. त्याला मेट्रोचं नाव काढलं की चारकोप आठवतो. त्याने 2010 ला चारकोपला घर घेतलं ते मेट्रोच्या भरवशावर. 2009 च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रपती प्रतिभा पाटलांच्या हस्ते चारकोप-वांद्रे-मानखुर्द मार्गाचं भूमिपूजन झालं होतं, आणि ब्रोकर जो दर सांगायचा त्यात मेट्रो धरलेलीच असायची.

"त्या दराने घेतलं मी," सुधीर म्हणाला. "2014 ला कंत्राटच रद्द. मग मार्ग नव्याने आखला, दोन तुकडे केले. दहिसर ते डी. एन. नगर एक, तिथून मंडाळे दुसरा. आणि माझा चारकोप बाजूलाच राहिला. पैसे मी 2010 ला मोजले, मेट्रो 2022 ला आली, तीही लिंक रोडवर, तुझ्या दारात."

"म्हणून तर माझं वाढलं!" नंदू.

"किती वाढलं?" शुभदाने विचारलं. ती बँकेत गृहकर्जाच्या फायली तपासते, त्यामुळे तिला 'भरपूर' हे उत्तर चालत नाही.

नंदूकडे करारांची फाइल असते, हे आमचं भाग्य. 2019 ला त्याचा वन बीएचके 21,000 ला गेला होता, 2024 ला 30,000 ला. म्हणजे 9,000 ची वाढ, आणि नंदूच्या मते ती सगळी मेट्रोची. शुभदाने सुधीरला त्याच्या चारकोपच्या घराचं भाडं विचारलं. इमारत साधारण तेवढीच जुनी, घर थोडं लहान. 2019 ला 18,000, 2024 ला 23,500.

"मेट्रो नसलेल्या ठिकाणीही तीस टक्क्यांच्या वर गेलंच की," ती म्हणाली. "कोविडनंतर मुंबईत भाडी सगळीकडेच चढली. तुझं घर सुधीरच्या वेगाने वाढलं असतं तरी 27,400 झालं असतं. उरले 2,600. तेवढेच मेट्रोच्या नावावर लिही."

नंदूचा चेहरा पडला, पण 2,600 ही काही वाईट नाहीत, असं म्हणून त्याने स्वतःला सावरलं. तेवढ्यात सुधीरने खोडा घातला. "पण 2019 च का धरायचं? तेव्हा तुझ्या दारात पत्रे होते ना?"

हा प्रश्न मला फार आवडला, कारण ते दिवस मी पाहिलेत. 2016 नंतर रस्त्याची एक-एक लेन गेली. रात्री पायलिंगचं मशीन, दिवसा धूळ, रिक्षावाला आत यायला तयार नाही. नंदूचा एक भाडेकरू मुदत संपायच्या आत निघून गेला, आणि घर दोन महिने रिकामं होतं. मग नंदूने पडत्या भावात दिलं. म्हणजे 21,000 हे त्या घराचं खरं भाडं नव्हतंच, ते पत्र्यांच्या काळातलं भाडं होतं.

फाइल आणखी मागे उलटली. 2015, पत्रे लागायच्या आधी. नंदूचं 18,000, सुधीरचं 14,500. सुधीरच्या भाड्याची 2024 पर्यंतची वाढ 62 टक्के. त्याच वेगाने नंदूचं 29,170 झालं असतं. प्रत्यक्षात 30,000.

"आठशे तीस रुपये," शुभदा म्हणाली. "बाकीचं, जे तू मेट्रोमुळे वाढलं म्हणतोस, ते मेट्रोच्या कामामुळे आधी घटलेलं परत आलंय."

मी मध्येच म्हटलं की दोन घरांवरून सगळ्या लिंक रोडचा निकाल लावायला नको. चारकोपचे लोकही रिक्षाने येऊन मेट्रो पकडतात, त्यामुळे तिथल्या भाड्यातही थोडी मेट्रो मुरलेली असणार. ते शुभदाने मान्य केलं. पण पत्रे असताना मोजणी सुरू केली की मेट्रोचा फायदा फुगतो, यावर ती ठाम होती. दलाल नेमकं तिथूनच मोजतात.

नंदूने शेवटचा पत्ता टाकला. "बरं, एप्रिल 2022 ला मेट्रो सुरू झाली, तेव्हा लगेच वाढलं का नाही मग?"

त्याचं उत्तर मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. गुढीपाडव्याला मेट्रो सुरू झाली खरी, पण आपल्या बाजूला ती डहाणूकरवाडीलाच संपायची. दहिसरकडे जायचं असेल तर ठीक. अंधेरीला जाणाऱ्याच्या काय कामाची? जानेवारी 2023 ला पुढचा टप्पा उघडला आणि गाडी अंधेरी पश्चिमेला गेली, तेव्हाच भाडेकरूंचे फोन यायला लागले. भाडेकरू नकाशाचे पैसे देत नाही, रोज वाचणाऱ्या वेळेचे देतो, आणि तेही गाडी धावायला लागल्यावर. घेणारा मात्र नकाशाचेच देतो, सुधीरला विचारा.

आणि सगळ्याच भाडेकरूंचा वेळ वाचत नाही. मालाडच्या किंवा ओशिवऱ्याच्या ऑफिसात जाणाऱ्याला ही मेट्रो म्हणजे वरदान. फोर्टात जाणारा रिक्षाने कांदिवली स्टेशन गाठून लोकलच पकडतो, त्याचा पासही स्वस्त. तो मेट्रोसाठी जास्त का देईल?

"तरी माझी बाल्कनी बघा, मेट्रो समोर!" नंदू म्हणाला, आणि इथे मी गप्प राहू शकलो नाही. समोरच्या बिल्डिंगमध्ये माझ्या मामेबहिणीचं दुसऱ्या मजल्यावर घर आहे. गाडी तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरून जाते. पोळ्या लाटताना डब्यातली माणसं तिच्याकडे बघतात, म्हणून तिने तिथे दुधी काच बसवली. त्याच सोसायटीत मागच्या विंगमधलं घर, स्टेशनला तेवढंच जवळ पण रुळांकडे पाठ असलेलं, आता आधी जातं. पूर्वी लोक रोडसाइडचं मागायचे.

शुभदाने मग किमतीचा हिशेब कागदावर मांडला. मुंबईत वर्षाचं भाडं किमतीच्या तीनेक टक्के पडतं. महिन्याला 830 जास्त म्हणजे वर्षाला दहा हजारांच्या आत. त्या भाड्यावरून किमतीतली वाढ निघते सव्वातीन लाखांच्या आसपास. 2,600 धरले तरी साडेदहाच्या आत. "आणि एस्टेटवाला मेट्रोचं नाव घेऊन वीस जास्त सांगत असेल," ती म्हणाली, "तर उरलेले कसले, हे त्याला विचारा. बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जाणार असेल तर गोष्ट वेगळी, पण ते पैसे मेट्रोचे नव्हेत."

"आता दुसरं घर घ्यायचं तर एक टक्का मेट्रो सेस मी भरू, तोही मेट्रोमुळे?" सुधीरने कुरकुर केली. तो स्टँप ड्यूटीबरोबर मुलुंडमध्ये घर घेणाराही भरतो, हे सांगितल्यावर त्याला जरा बरं वाटलं.

नंदू फाइल मिटत म्हणाला, "मग बत्तीस नको मागू?"

तेवढ्यात त्याचा भाडेकरू ओंकार खांद्यावर बॅग घेऊन वडापाव घ्यायला आला. सुधीरने त्याला हाक मारून विचारलं, "काय रे, रोज मेट्रोनेच जातोस ना?"

"मागच्या महिन्यापर्यंत जायचो, काका," ओंकार म्हणाला. "आता ऑफिस परळला गेलंय. लोकलच बरी."

नंदूने त्याच्या वडापावचे पैसे स्वतःच देऊन टाकले.