शोरील विकत घेऊ नका, आधी दोन सीन नीट शूट करा

"शोरील नसेल तर मुंबईत कुणी दारात उभं करत नाही. त्यामुळे आधी २५-३० हजार बाजूला काढा, स्टुडिओत चार-पाच मिनिटांची शोरील शूट करून घ्या, त्यात रडणं, राग, कॉमेडी, फाईट, डान्स सगळं आलं पाहिजे, सुरुवातीला म्युझिकवर दणदणीत मोंटाज टाका आणि मग हीच फाईल एजन्सींपासून एनएसडीसारख्या ड्रामा स्कूलपर्यंत सगळीकडे पाठवा."

शोरील, म्हणजे नटाच्या कामाचे तुकडे जोडून केलेला व्हिडिओ, त्याबद्दलचं हे फॉरवर्ड मला या महिन्यात अभिनयात यायला निघालेल्या तीन वेगवेगळ्या मुलांनी पाठवलं, त्यातला एक तर घरी पैसे मागायच्या तयारीत होता, म्हणून सविस्तर लिहितेय. मी वर्सोव्याला आरामनगरमध्ये कास्टिंगच्या कामात काही वर्षं काढलीत आणि असे व्हिडिओ रोज बघितलेत.

आधी दाराचं बोलू. नवीन माणसाकडून पहिल्यांदा जे मागितलं जातं ते शोरील नसतं, ते असतं इंट्रो किंवा ज्याला सगळे प्रोफाइल म्हणतात ते, म्हणजे नाव, वय, उंची, सध्या कुठे राहता, कुठल्या भाषा येतात, मग चेहरा डावीकडून, उजवीकडून, एकदा डोक्यापासून पायापर्यंत फुल लेंथ, आणि जाहिरातीसाठी असेल तर हाताचे पंजे दोन्ही बाजूंनी आणि हसून दात. मिनिटभरात संपतं. शोरील म्हणजे तुम्ही खरंच केलेल्या कामाचे तुकडे, आणि ज्याने अजून काम केलेलं नाही त्याच्याकडे शोरील नाही हे बघणाऱ्याला माहीत असतं, त्यात कमीपणा काही नाही. अशा वेळी इंट्रो आणि घरी शूट केलेले दोन सीन, एवढ्यावर ऑडिशनला बोलावणं येतं, मी स्वतः अशा लोकांना फोन केलेत.

स्टुडिओत पैसे भरून बनवलेली रील बघताक्षणी ओळखू येते. तोच राखाडी पडदा, तोच साइडचा निळा लाइट, आणि कित्येकदा सीनसुद्धा तेच, कारण स्टुडिओकडे चार-पाच स्क्रिप्ट असतात आणि त्याच सगळ्यांना देतात, मग एकाच आठवड्यात हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बाबांसाठी रडणाऱ्या तीन मुली आमच्यासमोर येतात आणि नकळत त्यांची एकमेकींशी तुलना होते. गाजलेल्या सिनेमाचे डायलॉग घेतले की हेच होतं, फक्त तुलना मूळ नटाशी होते. दुसरं म्हणजे ग्रेडिंग करून चेहरा इतका गुळगुळीत केलेला असतो की तुमची कातडी, तुमचं खरं वय काही कळत नाही, आणि आम्हाला तर तेच हवं असतं, उद्या हा माणूस सेटवर कसा दिसेल आणि कसा बोलेल.

आता मोंटाज आणि लांबी. बघणारी असिस्टंट एका रोलसाठी शंभरेक व्हिडिओ बघते, बहुतेक वेळा फोनवर, आणि सुरुवातीच्या दहा-पंधरा सेकंदांत ठरतं की पुढे बघायचं की नाही. त्या पंधरा सेकंदांत तुम्ही स्लो मोशनमध्ये केस उडवत चालत येताय आणि वर गाणं वाजतंय तर तुमचा आवाजच ऐकू आला नाही, आणि आवाज ऐकायलाच तर तो व्हिडिओ उघडला होता. नावाची पाटी तीन सेकंद, लगेच तुमचा सगळ्यात चांगला सीन, तोही अशा जागेपासून जिथे तुम्ही बोलताय. सगळं मिळून दीड ते दोन मिनिटं पुरतात, तीन सीन असले तर प्रत्येकी तीस-चाळीस सेकंद. सीनमध्ये समोरचा नट जास्त दिसत असेल तर तो तुकडा कापा, नाहीतर यातला अर्जदार कोण हेच कळत नाही, हे मी गंमत म्हणून नाही सांगत, असं खरंच होतं.

रडणं-राग-फाईट-डान्स सगळं दाखवण्याचा आग्रह का चुकीचा ते एका उदाहरणाने सांगते, नाव नाही लिहीत. सांगलीकडची मुलगी, पाच वर्षं एकांकिका केलेली, रील चार मिनिटं चाळीस सेकंदांची. पहिली पन्नास सेकंद मोंटाज. मग एकांकिकेचं रेकॉर्डिंग, हॉलच्या मागच्या रांगेतून घेतलेलं, चेहरा नखाएवढा आणि आवाज घुमतोय. मग स्टुडिओतला हिंदी सीन, ओरडून रडण्याचा. मग डान्स. आणि शेवटी, तीन मिनिटं पन्नास सेकंदांवर, मित्राच्या शॉर्टफिल्ममधला एक तुकडा, ती चुलीपाशी बसून नवऱ्याला विचारते की पैसे कुठे ठेवले, तिच्या स्वतःच्या बोलीत, आवाज अजिबात न चढवता. तेवढ्यासाठी मी तो व्हिडिओ दोनदा बघितला. मराठी सिरियल आता कोल्हापूर, सातारा, नाशिक भागातही शूट होतात आणि ती बोली खरी बोलणारी माणसं हवीच असतात, पण तिथपर्यंत कुणी पोचलंच नसतं.

आम्ही तिची रील अशी बदलली. चुलीचा सीन पहिला, पस्तीस सेकंद. एकांकिका काढून टाकली, कारण लांबून घेतलेल्या शॉटमध्ये अभिनय दिसत नाही, त्याचा उल्लेख बायोडेटात पुरतो. रडण्याचा सीन काढला. त्याच्या जागी घरी नवीन हिंदी सीन शूट केला, शांत, ऑफिसमधल्या बाईचा, बॉसला रजा मागतेय आणि खरं कारण सांगत नाहीये. डान्सची वेगळी फाईल केली, मागितली तरच पाठवायची. एकूण एक मिनिट वीस सेकंद झाली. महिन्याभरात तिला दोन ठिकाणी ऑडिशनला बोलावलं, एक रोल गेला आणि दुसरा, छोटा, मिळाला.

तो हिंदी सीन शूट करायला काय लागलं ते सांगते कारण इथेच सगळे घाबरून स्टुडिओकडे पळतात. फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीवर, स्टँड नसेल तर पुस्तकांची चळत चालते. मागचा कॅमेरा वापरा, पुढचा सेल्फीवाला नको. खिडकी तुमच्या समोर पाहिजे, पाठीमागे नाही, पाठीमागे आली की चेहरा काळा पडतो, आणि शक्यतो सकाळी दिवसाच्या उजेडात शूट करा कारण काही एलईडी दिव्यांखाली व्हिडिओत पट्टे थरथरताना दिसतात. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड लॉक होतो, नाहीतर हललात की चित्र मध्येच उजळतं मध्येच अंधारतं. फ्रेम छातीपासून वर, मागे साधी भिंत. पंखा बंद करा, आवाजाला सगळ्यात मोठा त्रास त्याचा असतो, आणि खोली घुमत असेल तर कॅमेऱ्यात न दिसेल अशी समोर गादी किंवा गोधडी टांगा. पैसे खर्चायचेच असतील तर कॉलरला लावायचा छोटा माइक घ्या. चित्र थोडं कमी असलं तर चालवून घेतात, आवाज नीट ऐकू आला नाही तर बंद करतात.

समोरचे डायलॉग वाचणारा माणूस लेन्सच्या अगदी बाजूला उभा करा आणि त्याला हळू बोलायला सांगा, तो माइकच्या जवळ असतो म्हणून त्याचाच आवाज मोठा येतो. नजर त्याच्याकडे. फक्त इंट्रोमध्ये लेन्समध्ये बघायचं, सीनमध्ये नाही, ही चूक नाटकातून आलेली मुलं हमखास करतात कारण प्रेक्षकांकडे बघून बोलायची सवय असते, आणि दुसरी सवय म्हणजे आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवणं. कॅमेरा चार फुटांवर आहे, तेवढ्याच माणसाशी बोला. तुमचं जास्त होतंय का हे ओळखायचं असेल तर टेक आवाज बंद करून बघा, भुवया सतत नाचत असतील तर पुन्हा घ्या.

ड्रामा स्कूलचा मुद्दा तर पूर्णच वेगळा आहे आणि त्या फॉरवर्डमधला सगळ्यात जास्त नुकसान करणारा. एनएसडीचा तीन वर्षांचा कोर्स आहे, त्याला पदवी आणि नाटकात काम केल्याचा अनुभव मागतात, आणि निवड समोरासमोरच्या ऑडिशनवर आणि मग दिल्लीतल्या वर्कशॉपवर होते. तिथे नेमून दिलेल्या नाटकांमधले उतारे पाठ करून जायचे असतात. तुमच्या मोंटाजला तिथे जागाच नाही. लंडनकडच्या स्कूलना अर्ज करणारी मराठी मुलं आता दिसतात, तिथे बऱ्याच ठिकाणी पहिली फेरी व्हिडिओवर असते पण तो व्हिडिओ शोरीलच्या उलट असतो, शेक्सपिअर किंवा त्या काळातल्या नाटकातला एक उतारा आणि एक आधुनिक, प्रत्येक साधारण दोन मिनिटांच्या आत, एका टेकमध्ये, एडिट नाही, म्युझिक नाही. त्यांना बघायचं असतं की तुम्ही एक विचार सलग किती वेळ धरून ठेवता आणि शिकवलं तर बदलाल का, आणि कापाकापी केली की नेमकं तेच लपतं. त्या वर्षीची सूचना वाचा आणि दिलेल्या वेळेच्या पुढे पाच सेकंदही जाऊ नका.

आणि शोरील मग बनवायची कधी? काम मिळत गेलं की. पण फुटेज तेव्हाच मागा जेव्हा काम ठरतंय. शॉर्टफिल्मला फुकट काम करत असाल तर मेसेजवर लिहून घ्या की रिलीज झाल्यावर माझ्या सीनची फाईल मिळेल, कारण फिल्मचा डिप्लोमा संपला की शिकाऊ डिरेक्टर गावाला जातो आणि हार्ड डिस्क सापडत नाही. सिरियलचा सीन फोनच्या स्क्रीन रेकॉर्डिंगने घ्यायला गेलात तर बऱ्याच ॲपवर काळी फ्रेमच येते. रिलीज न झालेलं काही परवानगीशिवाय टाकू नका, त्याने पुढची कामं जातात.

पाठवताना व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून टाकला की तो दाबला जातो आणि चेहरा धूसर होतो, डॉक्युमेंट म्हणून टाका किंवा लिंक द्या. यूट्यूबवर Unlisted ठेवा, Private नाही, आणि ड्राइव्हवर Anyone with the link करा, मग दुसऱ्याच्या फोनवरून उघडून बघा, कारण परवानगी मागणारी लिंक आली तर आम्ही थांबत नाही, पुढचं नाव घेतो. मेसेजमध्ये नाव, वय, उंची, शहर, भाषा आणि लिंक, एवढंच. आणि केस कापले, दाढी वाढवली, वजन पाच-सात किलो बदललं तर त्याच दिवशी इंट्रो पुन्हा शूट करा.