सासऱ्यांचा यूटीआर

यापुढे रजा आणि फीसंबंधी विचारणा फक्त एकाच अधिकृत ईमेलवर करावी, असं मुख्याध्यापिका बाईंचं पत्र आलं. आलं मात्र छापील, दप्तरातून, भेंडीच्या भाजीचं तेल पिऊन. पाठोपाठ त्याचा फोटो वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडला. खाली ‘नोटेड मॅम’ची रांग लागली आणि रांगेच्या शेपटाला एका बाबांनी विचारलं, "मॅम, आज ताप आहे, येणार नाही. इथेच सांगितलं तर चालेल ना?"

बाईंचं म्हणणं मला पटतं. रजेचा निरोप शिपाईमामांजवळ तोंडी आणि फीची तक्रार पीटीच्या सरांकडे, अशा कारभारात कुणाला काय सापडणार? मेलच्या विषयात नाव, इयत्ता, तुकडी आणि जीआर नंबर लिहा, हेही रास्तच. रोल नंबर दरवर्षी बदलतो. जनरल रजिस्टरमधला नंबर मात्र शाळा सोडेपर्यंत तोच राहतो. आमच्या घरात तो कुणालाच पाठ नव्हता. जुन्या फीपावतीवर सापडला.

खरी परीक्षा पुढे होती. फीचा दुसरा हप्ता सासऱ्यांनी हौसेनं स्वतःच्या मोबाइलवरून भरला होता. शाळेच्या खात्यात पैसे आले ते आजोबांच्या नावानं, नातवाचा कुठे उल्लेखच नाही! त्यामुळे ऑफिसच्या यादीत चिरंजीव थकबाकीदार. पत्रानुसार मेलमध्ये रक्कम, तारीख आणि यूटीआर नंबर द्यायचा होता.

"हिरवी खूण आलीये, अजून काय पाहिजे त्यांना?" सासरे फोनवर कडाडले. मग त्यांनी एक लांबलचक नंबर पाठवला. मी तो मेलमध्ये टाकला. दोन दिवसांनी उत्तर आलं : या क्रमांकाची नोंद आढळत नाही.

गंमत अशी, की यूपीआयच्या पावतीवर बरेचदा दोन नंबर असतात. एक ॲपचा स्वतःचा, त्यात अक्षरंही असू शकतात. दुसरा यूटीआर, निव्वळ बारा आकडी. बँकेच्या उताऱ्यात हा दुसरा उमटतो आणि ऑफिसातल्या ताई तोच शोधतात.

"मग मोठा कशाला छापतात?" सासऱ्यांचा सवाल.

"बाबा, खालचा वाचा. बारा आकडे."

"चार, शून्य... की ओ?"

"ओ नसतो त्यात."

बारा आकडे एकदाचे गेले आणि दुसऱ्याच दिवशी पावती आली, तीही मेलवर. मी ती कौतुकानं सासऱ्यांना पाठवली. लगेच फोन.

"यावर माझं नाव कुठाय? मला टॅक्सला लावायचीय."

जुन्या करपद्धतीत शिक्षण शुल्काची सवलत स्वतःच्या मुलांपुरतीच मिळते, नातवंडांसाठी नाही, हे मी शक्य तितक्या गोडीनं सांगितलं. पलीकडे क्षणभर शांतता.

"हा अन्याय आहे," सासरे म्हणाले, "लिही मेल. अधिकृत पत्ता आहे ना आता?"