पँट चुकली होती, मांडी नाही

भाची आतल्या खोलीत पार्सलला चिकटपट्टी लावतेय आणि मी बाहेर बसून हे लिहितेय. त्या पट्टीचा चर्र आवाज ऐकून डोकं आणखी तापतंय, तेव्हा भाषा जरा इकडेतिकडे झाली तर सांभाळून घ्या.

तिनं ऑनलाइन पँट मागवली होती. सरळ कटाची, अजिबात न ताणणाऱ्या जाड कापडाची. टेपनं स्वतःला मोजून, साइज चार्ट दोनदा बघून मागवली. आली, घातली, उभी राहिली तर छान दिसत होती. मग ती खुर्चीत बसली आणि मागून कंबरपट्टी अशी उघडली की आत मूठ जाईल. मांडीवर कापड ताणून चकाकायला लागलं. उठली, आरशासमोर दोनदा वळली आणि म्हणाली, "मावशी, माझीच ठेवण विचित्र आहे का गं?"

एकोणीस वर्षांची पोर. पँट बसत नाही म्हणून पँटवर नाही, स्वतःवर शंका घेतेय.

मी तिचा फोन घेतला आणि फोटो मोठा करून बघितला. कळायला एक मिनिटही लागलं नाही. लागणार कसं? असेच फोटो उभे करण्यात मी अकरा वर्षं घालवली आहेत.

फोटोतली मुलगी पुतळ्यासारखी ताठ. दोन्ही पाय जोडलेले, हात अंगापासून जेमतेम दोन बोटं लांब, नजर कुठेच नाही. पँटची बाजूची शिवण खरं तर कंबरेपासून घोट्यापर्यंत सरळ खाली यायला हवी. इथे ती नितंबाच्या वर आली की हळूच मागे सरकत होती. म्हणजे मागून कुणीतरी कापड धरलंय. 'कुणीतरी' म्हणजे चिमटे. कपडा मॉडेलला सैल असला की मागून गोळा करून चिमटे लावायचे, समोरून शिवून घेतल्यासारखा दिसतो. पट्ट्यांचं किंवा चौकडीचं कापड असेल तर तुम्हालाही सहज पकडता येईल: रेघा कंबरेपाशी मागच्या बाजूला तिरक्या पळतात. आणि पाठीमागचा फोटो एकतर नसतोच, नाहीतर लांब शर्ट बाहेर सोडून काढलेला असतो. म्हणून तर ती पोरगी ताठ उभी असते हो! तिला नैसर्गिक उभं राहता येत नाही असं नाही. ती हलली तर चिमटे निसटतील.

मला हे माहीत आहे कारण माझ्यासमोर निसटले आहेत.

मी स्टायलिस्टच्या हाताखाली नवी होते. एका पँटचं शूट. मी स्वतः सात चिमटे लावले होते, तीन कंबरेला, दोन-दोन मांड्यांच्या मागे. मधल्या ब्रेकमध्ये मॉडेल एका लाकडी खोक्यावर बसली आणि वाकून बुटाची नाडी बांधायला लागली. टक, टक, टक, चिमटे फरशीवर उडाले. फोटोग्राफर तेवढ्यात लाइट तपासत होता, त्यानं सहज बटण दाबलं. स्क्रीनवर फोटो आला आणि क्षणभर सगळे गप्प. ती वाकलेली, केस एका बाजूला, पोटाला एक घडी, गुडघ्यावर कापडाच्या खऱ्याखुऱ्या चुण्या आणि मागे कंबरपट्टी उघडी. त्या दिवशीचा तो एकच फोटो होता ज्यात माणूस दिसत होतं. आणि पँटही. मग सिनिअर म्हणाल्या, "हा उडवून टाक, पँट वाईट दिसतेय."

उडवला. मीच उडवला.

आज भाची खुर्चीत बसली तेव्हा मला तीच कंबरपट्टी दिसली. अगदी तशीच उघडी.

आता जरा शांतपणे सांगते, कारण यातली खरी गोम कुणी सांगत नाही. माणूस बसलं की अंग बदलतं. आम्ही मघाशी टेप घेऊन भाचीलाच मोजलं: नितंब उभी असताना 102 सेंटीमीटर, बसल्यावर 108. न ताणणाऱ्या कापडाला हे सहा सेंटीमीटर कुठून तरी आणावे लागतात. शिवाय बसल्यावर मागची बाजू गोलाकार लांब होते आणि पुढची दुमडते. कंबरपट्टीपासून दोन पायांमधून मागे जाणारी जी शिवण असते, तिचा मागचा भाग आखूड असेल तर ती कंबरपट्टीला खाली खेचते. झालं, मागे उघडी पडली. पुढे मात्र कापडाचा बोंगा.

आणि इथेच वेगवेगळ्या बांध्यांचा मुद्दा येतो. दोन बायकांचा नितंबाचा घेर 102 च असू शकतो, पण एकीचा भरीवपणा मागे असतो, दुसरीचा पुढे पोटाशी. टेपला दोघी सारख्याच. पँटला नाहीत. पहिलीला मागची शिवण लांब हवी, दुसरीला पुढची. साइज चार्ट कितीही मन लावून वाचा, ही गोष्ट त्यात सापडणारच नाही, कारण चार्टमध्ये घेर असतो, आकार नसतो. ती फक्त फोटोत दिसू शकते. त्या दोघींना तीच पँट घालून बसवा आणि फोटो काढा, बस्स. बघणारीला दोन सेकंदांत कळेल आपण कुठल्या गटात.

म्हणून "सगळ्या आकाराच्या मॉडेल घ्या" हे कुणी उपकार केल्यासारखं बोललं की मला चीड येते. मन मोठं करून वगैरे नका घेऊ. ही माहिती आहे. कापडाचा प्रकार लिहिता, धुवायचं कसं ते लिहिता, तसंच हे.

बरं, घेतात तेव्हा तरी काय करतात? तीच घड्याळासारखी आकृती थोडी मोठी करून आणतात. भरलेले नितंब, भरलेली छाती, पोट मात्र सपाट. मोठ्या साइजच्या कपड्याखाली मध्यम बांध्याच्या मुलीला पॅडिंग बांधून उभी केलेलीही मी पाहिलीय. अरे, फोम बसल्यावर मांडीसारखा पसरत नाही! पुढे आलेलं पोट, आखूड धड, रुंद खांदे, एक खांदा खाली असलेली, साठीची बाई, यांच्यावर कपडा कसा पडतो ते कधी दाखवणार?

हां, मान्य आहे, शूटच्या दिवशी बहुतेकदा एकाच साइजचा नमुना शिवून आलेला असतो. सगळ्या साइजचे नमुने, ज्याला साइज सेट म्हणतात, ते नंतर येतात. अडचण खरी आहे. पण येतात ना? मग तेव्हा एक दिवस आणखी काढा. मूळ नमुना एका माणसाच्या अंगावर बसवायचा आणि बाकीच्या साइज कागदावर ठरावीक सेंटीमीटर वाढवून काढायच्या, अशीच पद्धत असते. म्हणजे ज्या साइजवर सगळ्यात जास्त मेहनत झाली, तिचाच फोटो जगाला दाखवायचा. चोरावर मोर.

नैसर्गिक पोझचंही तसंच. आता फॅशन आलीय खोट्या मोकळेपणाची. मान मागे टाकून हसणं, आणि हात नेमका कंबरेवर, पर्स नेमकी पोटासमोर, केस नेमके गळ्यावर. म्हणजे जिथे कपडा फसतो तिथे काहीतरी आडवं. याला मी मोकळं म्हणणार नाही, हा पुतळाच, फक्त हसरा.

खरी मोकळी पोझ मिळवायला "नॅचरल उभी राहा" म्हणून चालत नाही. तसं म्हटलं की माणूस आणखी आखडतं. काम द्यायचं. त्या भिंतीपर्यंत जा, वळ, खिशात किल्ली शोध. वरच्या फळीवरून खोका काढ, म्हणजे शर्ट किती वर चढतो ते दिसेल. बस, नाडी बांध. आणि बटण दाबायचं ते काम संपल्यावर, श्वास सोडला जातो त्या क्षणी. तेव्हा भार आपोआप एका पायावर येतो, एक नितंब वर जातो, खांदा त्या बाजूला झुकतो. ग्रीक शिल्पकारांनी इसवी सनपूर्व पाचव्या शतकात दगडाला असं उभं राहायला शिकवलं. आम्ही जिवंत मुलींना परत दगड केलं.

चालताना काढलेले चाळीस फोटो घेतले तर दोन हाती लागतात. घेर हलतो, तळाची मापं फसवी दिसतात. तेव्हा एक सरळ, स्थिर फोटो ठेवा, शिवणी नीट कळतात त्यात, मी नाही म्हणत नाही. पण बिनचिमट्याचा. आणि नंतर चुण्या पुसू नका. चुणी म्हणजे कपड्याचं बोलणं असतं, ती जिकडे खेचली जातेय तिकडे कापड कमी पडतंय. छातीच्या बटणापासून आडव्या रेघा निघाल्या की समजायचं, इथे घट्ट आहे. ते पुसलं की फोटो गुळगुळीत आणि मुका.

फ्रान्समध्ये ऑक्टोबर 2017 पासून नियम आहे: जाहिरातीच्या फोटोत मॉडेलचं अंग सॉफ्टवेअरनं बारीक किंवा जाड केलं असेल तर फोटोवर तसं लिहावं लागतं. चांगलंच आहे. पण चिमटा म्हणजे सॉफ्टवेअर नाही. त्याला कुठलाच शिक्का नको.

मी फार तावातावानं लिहितेय, कळतंय मला. त्या सिनिअर बाई वाईट नव्हत्या, त्यांनाही वर कुणाला तरी उत्तर द्यायचं होतं. आणि चिमटे तर माझ्याच हातचे होते. ज्या कुणी त्या पँटचे फोटो बघून ती मागवली असेल आणि खुर्चीत बसून आपल्या मांड्यांना दोष दिला असेल, तिला मी काय सांगू?

भाचीला मात्र सांगितलं. सात चिमट्यांचं सगळं सांगितलं. मग तिला त्याच पँटमध्ये स्टुलावर बसवलं, वाकून बुटाची नाडी बांधायला लावली आणि बाजूनं फोटो काढला. ती बघून म्हणाली, "अय्या, ही तर मागून शिवलीच आखूड आहे." आरशासमोरचा आवाज नव्हता तो.

परत पाठवायचं कारण निवडायला यादी आली. साइज चुकली, रंग वेगळा, विचार बदलला. 'फोटोतली बाई बसलीच नाही' असा पर्याय नव्हता. तिनं 'इतर' निवडलं, तो वाकलेला फोटो जोडला, आणि आता चिकटपट्टी संपली म्हणून मला हाका मारतेय.